परीक्षेच्या अर्जातली जन्मतारीख: ८ जुलैची ७ ऑगस्ट होते कशी, आणि ती वेळेत पकडायची कशी

एक विद्यार्थिनी समजा. जन्म ८ जुलै २००४. दहावीच्या प्रमाणपत्रावर, शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, सगळीकडे हीच तारीख आहे. प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख उद्यावर आली म्हणून ती संध्याकाळी सायबर कॅफेत जाते. जन्मतारखेच्या चौकटीत ती सवयीने `08`, `07`, `2004` असे आकडे दाबते. चौकट काही तक्रार करत नाही. लाल अक्षरं येत नाहीत, शुल्क भरलं जातं, पावती निघते. दीड महिन्याने हॉल तिकीट काढायला जावं तर संकेतस्थळ म्हणतं की अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख जुळत नाही.

तिने आकडे चुकवलेले नाहीत. चौकटीला आधी महिना हवा होता आणि तिने आधी दिवस दिला, एवढंच. नोंद झाली ७ ऑगस्ट २००४ अशी.

ही चूक टाळायला अर्ज भरताना फार तर पाच मिनिटं जास्त लागतात. झाल्यावर निस्तरायला मात्र ती कधी कळली यावर सगळं ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत: भरण्याआधी, भरताना, भरून झाल्यावर, आणि चूक पक्की होऊन बसली असेल तर.

हाताशी काय हवं

दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि असल्यास जन्माचा दाखला. मूळ कागद नसतील तर फोनमधले स्पष्ट फोटो चालतील, पण कागद समोर असू द्या. तोंडपाठ तारखेवर अर्ज भरू नका. एक कोरा कागद आणि पेनही घ्या, त्याचं काम पहिल्याच पायरीत आहे.

१. आधी तारीख कागदावर अक्षरात लिहा

कोऱ्या कागदावर लिहा: आठ जुलै दोन हजार चार. महिना आकड्यात नको. अर्ज भरून होईपर्यंत हा कागद समोर ठेवायचा आणि प्रत्येक वेळी याच ओळीशी पडताळायचं.

ही ओळ शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून घेतलेली उत्तम, कारण त्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही लिहिलेली असते. अक्षरी तारखेची अदलाबदल होऊ शकत नाही. दाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र यांतली तारीख एकच आहे ना, तेही इथेच पाहून घ्या. ती वेगळी असेल तर तो अर्जातल्या चुकीचा नाही, शाळेच्या नोंदीचा प्रश्न आहे. त्यासाठी आधी शाळेत मुख्याध्यापकांकडे जावं लागेल. अर्जात परीक्षेच्या माहितीपत्रकात जो कागद वयाचा पुरावा म्हणून सांगितला आहे त्यावरची तारीख भरायची, आणि तो कागद बहुतेक वेळा दहावीचाच असतो.

जन्माच्या दाखल्यावरून तारीख घेताना जरा सावध. त्यावर जन्माची तारीख, नोंदणीची तारीख आणि दाखला दिल्याची तारीख अशा तीन तारखा असतात. घाईत नोंदणीची तारीख उतरवली जाते आणि ती जन्मतारखेनंतर थोड्याच दिवसांची असल्याने नजरेला खटकतही नाही. जुन्या आधार कार्डांवर काहींचं नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं. तसं कार्ड या कामाला उपयोगाचं नाही.

आणि शाळेत घालताना मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख १ जून लावून टाकली, त्यांनी घरी वाढदिवस कधीही साजरा करावा, अर्जात १ जूनच भरावी. या मंडळींना पुढची पायरी तर खासच लागू आहे, कारण `01/06` उलटलं की ६ जानेवारी होते.

२. चौकट काय मागते ते वाचा

ऑनलाइन अर्जात तारीख विचारायच्या साधारण तीन पद्धती दिसतात.

पहिली म्हणजे दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन वेगळ्या याद्या. महिना `JUL` किंवा `July` असा अक्षरात असेल तर ही सर्वांत सुरक्षित. फक्त `JUN` आणि `JUL` यादीत एकाखाली एक असतात, आणि माऊसचं चाक चुकून फिरलं की निवड एक घर सरकते. निवडल्यावर यादीबाहेर एकदा क्लिक करा, मगच पान खाली सरकवा.

दुसरी म्हणजे साधी मोकळी चौकट, शेजारी सूचना: `DD/MM/YYYY`. इथे `D` म्हणजे दिवस, `M` म्हणजे महिना, `Y` म्हणजे वर्ष. जितकी अक्षरं तितके आकडे, म्हणून ८ जुलैसाठी `8/7/2004` नाही तर `08/07/2004`. मधली खूणही सूचनेप्रमाणेच द्यायची. तिरकी रेघ सांगितली असताना टिंब किंवा आडवी रेघ दिली तर काही संकेतस्थळं तारीख नाकारतात. ते बरंच, निदान कळतं तरी.

तिसरी पद्धत म्हणजे उजव्या कोपऱ्यात कॅलेंडरचं चिन्ह असलेली चौकट. आपली विद्यार्थिनी इथेच फसली, म्हणून हिच्यावर थोडं थांबू.

या चौकटीत दिवस आधी की महिना आधी हे परीक्षा घेणारी संस्था ठरवत नाही. ते तुमच्यासमोरचा ब्राउझर ठरवतो, त्याच्या आणि संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवरून. सेटिंग भारतीय इंग्रजीचं असेल तर फिकट अक्षरांत `dd-mm-yyyy` दिसेल. अमेरिकन इंग्रजीचं असेल तर त्याच अर्जात, त्याच जागी `mm/dd/yyyy` दिसेल. कॅफेतल्या पुष्कळ संगणकांवर विंडोज टाकताना अमेरिकन इंग्रजी आलेलं असतं ते तसंच राहतं. त्यामुळे मैत्रिणीने घरी भरलेला अर्ज बरोबर जातो आणि तुमचा चुकतो, दोघींनी तेच आकडे त्याच क्रमाने दाबले तरी. ‘मागच्या वर्षी दादाने असंच भरलं होतं’ हा आधार म्हणूनच कामाचा नाही.

फिकट अक्षरं पहिला आकडा दाबताच निघून जायला लागतात. दाबण्याआधी ती वाचा.

३. तुमची तारीख धोक्याची आहे का ते पाहा

जन्म महिन्याच्या १३ तारखेला किंवा नंतर झाला असेल तर उलटी तारीख अस्तित्वातच नसते. १३वा महिना नाही. २५ ऑगस्टवाल्याने `mm/dd/yyyy` चौकटीत `25` दाबायला घेतलं तर क्रोममध्ये `2` दाबताच महिना `02` होऊन बसतो, `5` दिवसाच्या जागी जातो आणि उरलेले आकडे वर्षाच्या घरात शिरून भलतंच वर्ष उभं राहतं. चूक डोळ्यांवर येते.

१ ते १२ तारखेला जन्मलेल्यांची चूक मात्र दिसत नाही, कारण उलटी तारीखही खरीखुरी तारीख असते. बारा महिन्यांत अशा प्रत्येकी बारा म्हणजे १४४ तारखा. त्यातल्या ५ मे, ७ जुलै अशा दिवस-महिना सारखा असलेल्या बारा वजा करा. उरल्या १३२. वर्षाच्या ३६५ दिवसांतल्या १३२ तारखा गुपचूप उलटू शकतात. तुमची तारीख त्यांत असेल तर पुढची पायरी टाळू नका.

४. आकडे दाबू नका, कॅलेंडरमधून निवडा

चौकटीतल्या कॅलेंडरच्या चिन्हावर क्लिक करा. वर महिन्याचं नाव अक्षरात आणि वर्ष येतं. त्यावर क्लिक केलं की आधी वर्ष, मग महिना निवडता येतो, मग खालच्या तक्त्यातला दिवस. फोनवर लोक एकेक महिना मागे सरकवत २००४ पर्यंत जायला बघतात आणि कंटाळून मध्येच सोडतात. कॅलेंडरच्या वर लिहिलेल्या वर्षावर बोट ठेवलं की सहसा वर्षांची यादीच उघडते.

कॅलेंडरमधून निवडल्यावर चौकटीत `07/08/2004` असं दिसलं तर दचकून उलटवायला जाऊ नका. चौकट `mm/dd/yyyy` असेल तर ८ जुलै तशीच दिसायला हवी. बरोबर निवडलेली तारीख ‘उलटी दिसते’ म्हणून हाताने बदलणं, ही या सगळ्यातली सर्वांत वाईट चूक. ब्राउझर आतून ती तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस अशा एकाच क्रमाने पाठवतो, म्हणजे `2004-07-08`. पडद्यावरचा क्रम हा फक्त दाखवण्यापुरता.

शंका असेल तर एक हुकमी पडताळणी आहे: तारीख भरून झाल्यावर कॅलेंडरचं चिन्ह पुन्हा दाबा. उघडलेल्या कॅलेंडरवर महिन्याचं नाव काय आहे ते कोऱ्या कागदाशी ताडून पाहा. `July 2004` आणि ८ वर खूण, तर झालं. `August` दिसलं तर तिथेच बदला.

कॅफेवाला अर्ज भरत असेल तर त्याला ‘आठ-सात-चार’ असं सांगू नका. ‘आठ जुलै दोन हजार चार’ असं सांगा आणि भरल्यावर पडदा आपल्याकडे वळवायला सांगा. तो दिवसाला कितीतरी अर्ज भरतो, त्याला तुमची जन्मतारीख माहीत असायचं कारण नाही.

५. कागदी अर्ज असेल तर

इथे क्रमाचा घोटाळा कमी, कारण चौकोनांखाली दि, म, व असं छापलेलं असतं. घोटाळा होतो तो आकड्यांच्या वळणाचा. मराठीतला १ घाईत लिहिला की इंग्रजी `9` सारखा, ४ हा `8` सारखा आणि ५ हा `4` सारखा वाचला जातो. ०४/०४ अशी लिहिलेली ४ एप्रिल संगणकावर चढवणाऱ्याला `08/08` वाटू शकते, आणि ती तारीखही खरी असते! अर्जात वेगळं सांगितलं नसेल तर इंग्रजी आकडे वापरा, किंवा मराठी वापरायचे तर सगळ्या अर्जभर मराठीच. मिसळ नको. अक्षरी तारखेची ओळ असेल तर ती कधीच कोरी सोडू नका. वाद झाला तर तीच ओळ कामाला येते.

अर्जाच्या शेवटी सहीखाली येणारा ‘दिनांक’ म्हणजे अर्ज भरल्याचा दिवस. तिथे हाताने जन्मतारीख लिहून बसणारेही असतात.

६. शाळा-महाविद्यालय एकत्र यादी पाठवत असेल तर

अनेक परीक्षांत विद्यार्थी स्वतः अर्ज भरतच नाही. कार्यालय एक्सेलमध्ये यादी करतं. एक्सेलचं सेटिंग अमेरिकन असेल तर `08/07/2004` टाइप करताच तो ती ७ ऑगस्ट समजून घेतो, पण `25/08/2004` ही त्याला तारीखच वाटत नाही आणि ती नुसता मजकूर म्हणून राहते. नेमक्या यामुळेच यादीकडे नुसतं पाहिलं तरी दुखणं कळतं: तारखांच्या रकान्यात काही नोंदी डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे. डावीकडच्या मजकूर आहेत, उजवीकडच्या तारखा. असा रकाना दिसला की उजवीकडची एकेक तारीख संशयित समजायची. (रकान्याची मांडणी कोणी मुद्दाम मधोमध करून ठेवली असेल तर ही खूण दिसणार नाही.)

कार्यालयातल्या ताई-दादांना शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे टाकायला सांगा. जन्मतारीख `A2` मध्ये आहे असं धरून:

```
=TEXT(A2,"dd mmmm yyyy")
```

एक्सेलने तारीख म्हणून घेतलेल्या नोंदींसमोर महिना नावाने येईल, मजकूर राहिलेल्या नोंदी जशाच्या तशा दिसतील. ही यादी विद्यार्थ्यांपुढे फिरवली तर प्रत्येकाला आपली चूक दोन सेकंदांत दिसते.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी अर्ज भरल्यावर शाळेला प्री-लिस्ट मिळते, आणि ती तपासून मुख्याध्यापकांच्या सहीने परत करायची असते. वर्गात ‘नाव बघा आणि सही करा’ एवढंच सांगितलं जातं आणि मुलं नावाचं स्पेलिंग पाहून सही करतात. जन्मतारखेच्या रकान्यापर्यंत नजर न्या. इथे सापडलेली चूक शाळेच्या पातळीवर सुटते, गुणपत्रिका हातात आल्यावर सापडलेली तशी सुटत नाही.

७. शुल्क भरण्याआधी थांबा

बहुतेक अर्जांत शेवटी सगळी माहिती एकत्र दाखवणारं पान येतं. त्यावर जन्मतारीख आकड्यांत असेल तर त्यातून नक्की काही कळत नाही, म्हणून त्याच पानावर वय दिलं असेल तर ते पाहा. वय ज्या दिवशी मोजतात तो दिवस तुमच्या खऱ्या आणि उलट्या तारखेच्या मध्ये पडत असेल तर वय एका वर्षाने चुकलेलं दिसेल. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचं उदाहरण घ्या. तिथे वय १ ऑगस्टला मोजतात. २०२५ च्या परीक्षेसाठी किमान २१ वर्षं म्हणजे जन्म १ ऑगस्ट २००४ किंवा त्याआधीचा हवा. ८ जुलैची मुलगी बसते. तीच ७ ऑगस्टची झाली तर सहा दिवसांनी अपात्र. अर्ज तिथल्या तिथे अडला तर ते नशीबच म्हणायचं, कारण अशी अट नसलेल्या परीक्षेत तीच चूक मुकाट पुढे जाते.

पान ठीक वाटलं की पीडीएफ उतरवून ठेवा आणि स्वतःच्या मेलवर पाठवा. कॅफेच्या संगणकावर सोडून येऊ नका.

८. चूक झालीच असेल तर

आधी नोंद नेमकी काय झाली ते शोधा. हॉल तिकिटाचं पान अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख मागत असेल आणि तुमची खरी तारीख चालत नसेल, तर उलटी टाकून पाहा. ८ जुलैऐवजी ७ ऑगस्ट. पान उघडलं तर निदान झालं: क्रम उलटला आहे, बाकी काही बिघडलेलं नाही. नाहीच उघडलं तर आकडेच चुकलेत, किंवा अर्ज क्रमांक चुकतो आहे. एकामागून एक वीस तारखा टाकत बसू नका, काही संकेतस्थळं थोड्या चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं अडवून ठेवतात.

पुढचा मार्ग वेळेवर ठरतो. शुल्क भरलं नसेल तर अर्ज उघडून बदला. शुल्क भरलं असेल तर माहितीपत्रकात ‘दुरुस्तीची मुदत’ शोधा. राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या मोठ्या परीक्षांत अर्जाची शेवटची तारीख उलटल्यावर सहसा काही दिवस ही खिडकी उघडते, पण कोणता रकाना बदलता येईल हे प्रत्येक परीक्षेत वेगळं असतं आणि सहसा दुरुस्ती एकदाच करता येते. त्या खिडकीतही तीच कॅलेंडरची चौकट असते, तेव्हा दुरुस्त करताना चौथी पायरी पुन्हा. केंद्रीय लोकसेवा आयोग मात्र या बाबतीत कडक आहे. तो दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख धरतो आणि एकदा नोंदलेली जन्मतारीख नंतर बदलू देत नाही, असं त्याच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

खिडकी बंद झाली असेल तर मदत कक्षाला, अर्जात दिलेल्याच मेलवरून, लिहा. गोष्ट सांगायची गरज नाही. एवढं पुरे:

‘अर्ज क्रमांक अमुक. माझी जन्मतारीख ८ जुलै २००४ आहे. अर्जात दिवस आणि महिना उलटल्याने ७ ऑगस्ट २००४ अशी नोंद झाली आहे. दहावीचं प्रमाणपत्र आणि अर्जाची प्रत जोडली आहे. कृपया दुरुस्ती करावी, किंवा पुढील कार्यवाही कळवावी.’

दोन्ही तारखांत महिना अक्षरातच लिहा. `08/07` च्या जागी `07/08` झालं आहे असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला कुठली खरी तेच कळणार नाही. केंद्रीय संस्थेला लिहायचं असेल तर हाच मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत द्या. उत्तर आलं नाही तरी पाठवलेला मेल जपून ठेवा.

परीक्षेच्या दिवसापर्यंत दुरुस्ती झाली नाही तर हॉल तिकिटावर पेनाने खाडाखोड करू नका, ते छापलेलं तसंच न्या. सोबत माहितीपत्रकात सांगितलेलं मूळ ओळखपत्र आणि मेलची छापील प्रत ठेवा. केंद्रावरच्या पर्यवेक्षकांना तुमची नोंद बदलता येत नाही, त्यांच्याशी हुज्जत घालून वेळ जातो. दुरुस्तीचा पाठपुरावा परीक्षेनंतर, पण निकालाच्या आधी करायचा.

दोन सल्ले जे ऐकू नका

पहिला: ‘प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात छापून घे.’ महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जन्मतारीख बदलल्याची सूचना देता येते हे खरं. पण ती ज्याची कागदपत्रांतली तारीख बदलायची आहे त्याच्यासाठी. तुमचे कागद बरोबर आहेत, चुकला आहे तो एक अर्ज. राजपत्रात सूचना दिलीत तर नसलेला बदल नोंदला जाईल आणि पुढे प्रत्येक ठिकाणी त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागेल. मदत कक्षाने स्वतःहून प्रतिज्ञापत्र मागितलं तर द्या, आणि त्यातही तारीख अक्षरी लिहून घ्या.

दुसरा, याहून वाईट: ‘अर्जात ७ ऑगस्ट पडलीय ना, मग आधारच ७ ऑगस्टचं करून टाक.’ आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. ती संधी चुकीच्या तारखेवर खर्च केलीत की आधार दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळणार नाही, आणि शिष्यवृत्तीपासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक अर्ज तिथे अडेल. जिथे चूक झाली, दुरुस्ती तिथेच मागा.